अठ्ठ्याण्णव शर्टांचा भाव

आमच्या छपाईच्या दुकानात शिरलं की माणसाला दोन गोष्टी दिसतात. भिंतीवर भावाची पाटी आणि पाटीखाली मी. बरेच जण माझ्याकडे न बघता पाटीशीच बोलायला लागतात, कारण पाटी उलट उत्तर देत नाही.

पाटी साधी आहे. गोल गळ्याचा शर्ट, पांढरा किंवा फिका, एका बाजूला एका रंगाची छपाई. एक ते चोवीस नग, शर्टाला तीनशे वीस. पंचवीस ते एकोणपन्नास, दोनशे साठ. पन्नास ते नव्व्याण्णव, दोनशे दहा. शंभर ते दोनशे एकोणपन्नास, एकशे ऐंशी. त्याच्या पुढे एकशे साठ. तुमचा आकडा ज्या ओळीत बसतो त्या ओळीचा भाव, आणि तो सगळ्या शर्टांना. पहिल्या एकोणपन्नासांना एक भाव आणि पन्नासाव्यापासून दुसरा, अशी भानगड नाही. हे मी रोज कुणाला तरी समजावते. शिकलेसवरलेले लोकही पाटीसमोर उभे राहून बोटं मोजत बसतात.

घासाघीस मला चालत नाही. "काकू, अठ्ठेचाळीस आहेत, पन्नासाचा भाव लावा ना," म्हणणारे रोज येतात. मी म्हणते, पन्नास घ्या, लावते. घोड्यानं गवताशी दोस्ती केली तर खायचं काय? आणि भाव काही मी स्वप्नात बघून लिहिलेले नाहीत. अक्षरांची फिल्म काढा, जाळीवर रसायन ओढा, ते वाळवा, उजेडावर धरा, पाण्यानं धुवा, शाई जुळवा, टेबलावर नेम धरा. एक शर्ट छापा नाहीतर दोनशे छापा, ही उठाठेव तेवढीच. एकदा ती जाळी, म्हणजे स्क्रीन, बसली की पुढे शर्ट ठेवायचा, शाई ओढायची, शर्ट उचलायचा. म्हणून जास्त शर्टांना कमी भाव. सायझ वेगवेगळे असले तरी चालतात, पांढऱ्यात पिवळे मिसळले तरी चालतात. पण छाप एकच हवी आणि शाई एकच हवी. छाप बदलली की ऑर्डर दुसरी आणि पाटीवरची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

छापण्याचं काम आमचे हे करतात, मागच्या खोलीत. बोलण्याचं काम माझ्याकडे. लग्नाच्या वेळीच ही वाटणी झाली असावी, मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आणखी एक नियम आमच्याकडे आहे, तो पाटीवर लिहिलेला नाही. एका गिऱ्हाइकाचं काम दुसऱ्याला सांगायचं नाही. एका निवडणुकीत आम्ही सकाळी एकाला विजयी केलं आणि दुपारी त्याच टेबलावर त्याच्या विरोधकाला. दोघांचीही माणसं दुकानात चहा पिऊन गेली, दोघांनाही कळलं नाही. आपण बरं आणि आपलं काम बरं. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, त्याची ही हकिगत.

ती बाई आली तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. पस्तिशीची असावी. पायात मैदानाची माती लागलेले बूट, गळ्यात शिट्टी. तिनं पाटी वाचली. बहुतेक जण फक्त सगळ्यात खालचा, स्वस्त भाव वाचतात. तिनं वरपासून वाचली, आणि मग जिथे थांबायचं तिथे थांबली.

"चाळीस शर्ट हवेत, काकू. म्हणजे दोनशे साठ ना?"

"दोनशे साठ. चाळिसांचे दहा हजार चारशे. पण पन्नास घेतलेत तर दोनशे दहानं साडेदहा हजार. शंभर जास्त दिलेत की दहा शर्ट वाढतात. घेऊन ठेवा, नंतर उपयोगी पडतील."

हे मी सगळ्यांना सांगते, आणि ऐकून सगळ्यांचे डोळे चमकतात. तिचे चमकले नाहीत.

"माझ्याकडे साडेसात आहेत," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिचे वडील मुलांना फुटबॉल शिकवायचे. फी कुणाकडे मागायचे नाहीत, कुणी दिली तर नाही म्हणायचे नाहीत. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. ते आजारी पडले तेव्हापासून मुलांना ही शिकवते. सर जाऊन आता वर्ष होईल, म्हणून मैदानात एक सामना ठेवलाय. एका बाजूला आताची मुलं, दुसऱ्या बाजूला सरांचे जुने विद्यार्थी. दोन संघ म्हणजे अकरा-अकराच खेळायला हवेत असं नाही, थोडं थोडं सगळेच खेळतील. मुलांना एकसारखे शर्ट द्यायचे, पांढरे, छातीवर काळ्या अक्षरात सरांचे शब्द. पालकांकडून जमलं ते साडेसात हजार. त्यातल्या निम्म्या घरांत दुसऱ्यांदा हात पसरायला तिचं मन धजत नव्हतं.

"आणि तुमचे स्वतःचे?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"बाबांच्या औषधांत गेले," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, हिशोब सांगतो तसं सांगितलं.

"साडेसात हजारांत दोनशे साठच्या भावानं अठ्ठावीस बसतात," मी म्हणाले.

"अठ्ठावीस." तिनं पिशवीतून मुलांच्या नावांचा कागद काढला आणि काउंटरवर पसरला. पेन्सिल उचलली. सगळ्यात शेवटी आलेल्या मुलाच्या नावापासून वर जायला लागली. एका नावावर थांबली, ते सोडलं, पुढच्यावर खूण केली. मग ती खूण खोडली. बारा पोरं वगळायची होती. वगळलेलं पोर त्या दिवशी मैदानात घरच्या शर्टात उभं राहणार आणि बाकीच्यांच्या छातीकडे बघत राहणार, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

कुणी म्हणेल, बाई, द्यायची ना सूट. विचार आला होता माझ्या मनात, मी काही दगड नाही. मी तोंड उघडलंही. पण तिनं माझा चेहरा वाचला आणि आधीच म्हणाली, "बाबांच्या नावावर कमी नका करू काकू. त्यांनी कुणाकडून असं घेतलं नाही कधी." पुढे बोलायला जागाच ठेवली नाही तिनं.

"कागद घरी न्या," मी म्हणाले. "दोन दिवसांनी सांगा. पेन्सिलीनं इथे उभ्या उभ्या करायचं काम नाही हे."

छापायचे शब्द मात्र तिनं लिहून दिले. "ऊठ. परत." एवढेच. सर पडलेल्या पोराला हेच ओरडायचे म्हणे.

दुसऱ्या दिवशी एक साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, कानाला फोन. फोनवर बोलता बोलताच त्यांनी बोटं दाखवली, सहा आणि पाच. मग फोन ठेवून म्हणाले, "मॅडम, पासष्ट शर्ट. फिके पिवळे, काळी छपाई. भाव काय असेल तो असू दे." असली गिऱ्हाइकं मला आवडायला हवीत, पण आवडत नाहीत. भाव न विचारणारा माणूस नंतर सगळंच विचारतो.

पासष्ट म्हणजे दोनशे दहा, तेरा हजार सहाशे पन्नास. मी लिहून घेतलं. "छापायचं काय?"

"'सर स्मृती सामना.' खाली साल. सरांच्या वर्षश्राद्धाला मैदानात सामना आहे, जुन्या विद्यार्थ्यांचे शर्ट."

माझं पेन थांबलं. मैदान तेच, दिवस तोच. आता नीट बघितल्यावर कपाळही तेच दिसलं, कालच्या बाईचं. मी विचारलं, "सर तुमचे कोण?"

"वडील."

भाऊ आणि बहीण. एकाच सामन्याचे शर्ट, एकाच दुकानात, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. अशा वेळी शहाण्या माणसानं पावती फाडावी आणि गप्प बसावं. मी पाटीकडे बघितलं. चाळीस आणि पासष्ट, एकशे पाच. एकशे ऐंशीची ओळ. चाळीस गुणिले एकशे ऐंशी, सात हजार दोनशे. साडेसात हजारांत चाळीसच्या चाळीस पोरं बसत होती, कुणाच्या उपकाराशिवाय. नियम गेला खड्ड्यात, असं मी मनात म्हणाले.

"याच सामन्याची दुसरी एक ऑर्डर आलीय माझ्याकडे," मी म्हणाले. "मुलांच्या शर्टांची."

साहेबांचा चेहरा बंद झाला. "तिनं सांगितलं तुम्हाला माझ्याशी बोलायला?"

"तिला तुम्ही इथे आलाय हे ठाऊकही नाही. मला पाटी सांगते कधी बोलायचं ते." आणि मी त्यांना पाटी समजावली. दोन्ही मिळून एक ऑर्डर केलीत तर शर्टाला एकशे ऐंशी, तुमचे साडेएकोणीसशे वाचतात.

"मला त्या पैशांची गरज नाही."

"तुम्हाला नाही. तिकडे बारा मुलांना शर्ट मिळत नाहीयेत."

ते खुर्चीत बसले. मागच्या खोलीतून शाई ओढल्याचा आवाज येत होता, सर्र, आणि परत सर्र. मग त्यांनी पाकीट काढलं. "तिला कमी पडतात ते मी देतो. तिला सांगू नका. एकशे ऐंशीच भाव आहे म्हणा."

"तिनं पाटी वाचलीय," मी म्हणाले. "चाळिसांना दोनशे साठ, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे. मी एकशे ऐंशी म्हटलं की ती विचारणार, कुणी भरले. आणि मी खोटं बोलायला लागले तर उद्यापासून या पाटीवर कोण विश्वास ठेवणार? एकशे ऐंशी एकाच रस्त्यानं खरा होतो. ऑर्डर एक, छाप एक. म्हणजे शब्दही एकच."

"शब्दही?"

"स्क्रीन एकच बनते साहेब. तुमचे पिवळे आणि तिचे पांढरे, ते चालतं. पण तुमच्या छातीवर एक आणि तिच्या मुलांच्या छातीवर दुसरं, म्हणजे दोन स्क्रीन आणि दोन ऑर्डरी. आणि नमुन्यावर सही घेतल्याशिवाय मी छापत नाही. शाई लागलेला शर्ट परत घेता येत नाही. दोघांनी येऊन बघायचं, दोघांनी सही करायची."

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं. दारापर्यंत गेले आणि मागे न वळता म्हणाले, "विचारा तिला. ती नाही म्हणेल."

मी फोन केला. आडपडदा ठेवला नाही, सगळं सांगितलं, मी नियम मोडल्याचंही. मग ती म्हणाली, "काकू, आजारपणात त्यानं बाबांना एका संस्थेत ठेवलं होतं. चांगली होती संस्था. पण बाबा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी त्यांना घरी आणलं. डॉक्टर नको म्हणत होते. पाच महिने राहिले ते माझ्याजवळ. आणि गेले तेव्हा दादा सगळ्यांसमोर म्हणाला, तुझ्या हट्टानं बाबा गेले. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेली नाही."

मी म्हणाले, "बोलू नका. नुसती सही करायला या."

"मुलांसाठी येते," ती म्हणाली.

शनिवारी दोघं आली. आमच्या ह्यांना मी बजावून ठेवलं होतं की तोंडातून शब्द काढायचा नाही. ही सूचना देण्याची गरज नव्हती, ते एरवीही काढत नाहीत. मागच्या खोलीत छपाईचं लांब टेबल आहे. ती एका बाजूला उभी राहिली, ते दुसऱ्या. मध्ये मी कापडाच्या तुकड्यावर दोन्ही मजकूर ठेवले होते, साध्या कागदावर छापून. एकावर "सर स्मृती सामना", एकावर "ऊठ. परत."

दोघंही माझ्याशीच बोलत होती. वकील लावावा तसं.

"हे शर्टावर बरं दिसणार नाही, असं सांगा," साहेब म्हणाले. "कुणाला अर्थच कळणार नाही. लोक विचारतील, काय ऊठ, काय परत."

"ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल, असं सांगा," ती म्हणाली.

"सरांचं नाव तरी हवं की नको?"

"नाव मैदानाच्या फाटकावर आहे."

मी म्हणाले, "मी इथे भाव सांगायला बसते, निरोप्या म्हणून नाही. समोरासमोर उभी आहात, तुमचं तुम्ही बोला. नाहीतर दोन ऑर्डरी लिहिते, तुमची दोनशे दहाची आणि यांची दोनशे साठची." आवाज चढला माझा. आमच्या ह्यांनी शाई ओढायची स्क्वीजी खाली ठेवली.

मग ती टेबलाकडे बघत बोलायला लागली. अजून त्यांच्याशी नाहीच, पण माझ्याशीही नाही. "बाबांची खाट मी खिडकीशी लावली होती. समोर गल्लीत पोरं खेळायची. कुणी पडलं की बाबा ओरडायचे. सगळे शब्द गेले होते त्यांचे, माझं नावसुद्धा. हे दोन राहिले होते. ऊठ. परत. पोरं खरंच उठायची."

साहेबांनी मान वर केली. "बोलत होते?"

तिनं "ऊठ. परत."चा कागद त्यांच्याकडे सरकवला.

"डॉक्टर म्हणाले होते वाचा गेली. संस्थेत एक शब्द नाही बोलले ते. मी जाऊन बसायचो, तासभर, एक शब्द नाही." त्यांचा आवाज माझ्या ओळखीचा राहिला नाही. "मला कुणी सांगितलं नाही ते बोलत होते म्हणून."

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली.

मला तिथून निघून जावंसं वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं असं उघड्यावर ऐकायला माणसाला हक्क नसतो. पण काउंटरवर जाऊन बसले असते तर कदाचित दोघं दोन दारांनी निघून गेली असती, म्हणून पाय रोवून उभी राहिले.

साहेबांनी "स्मृती सामना"चा कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. दुसऱ्या कागदावर बोट टेकून म्हणाले, "हेच छापा. सगळ्यांना."

आमच्या ह्यांनी लगेच फिल्म काढायला घेतली. काही वेळा न बोलणारा नवरा किती शहाणा वाटतो! स्क्रीन तयार होईपर्यंत मी दोघांना समोर काउंटरवर आणलं आणि ऑर्डर लिहायला बसले. वाटलं होतं, जिंकले. माझं नेहमी असंच होतं, उत्साहात आकडे तपासायचे राहतात.

"मुलांचे चाळीस," तिनं सायझ सांगितले, मी लिहिले. "आणि तुमचे पासष्ट," मी साहेबांना म्हणाले.

"पासष्ट नाही," साहेब म्हणाले. "सात जणांनी कळवलं, येत नाहीत. अठ्ठावन्न."

मी बेरीज केली. परत केली. अठ्ठ्याण्णव.

पाटीवर अठ्ठ्याण्णव कुठे बसतात हे मला वर बघून वाचायची गरज नव्हती. तिनं मात्र वर बघितलं. पन्नास ते नव्व्याण्णव. तिचे ओठ हलले. चाळीस गुणिले दोनशे दहा, आठ हजार चारशे. साडेसातमध्ये पस्तीस. तिनं पिशवीत हात घातला आणि तो मुलांच्या नावांचा कागद बाहेर काढला. मला रडू यायला लागलं, खरंच सांगते. बारांची पाच झाली म्हणून काय झालं, ज्या पाचांना वगळायचं त्यांचं दुःख काही कमी होत नाही.

"थांब," साहेब म्हणाले. वर्षभरात तिला एकेरीत म्हटलेला त्यांचा तो पहिला शब्द असावा. "वरचे मी देतो."

"नको."

"अगं, मुलांचेच—"

"नको म्हटलं ना."

"दोघंही जरा गप्प बसा," मी म्हणाले. "भाव कसा वाचायचा ते कुणाला येत नाही आणि पैशांवरून भांडायला तयार. अठ्ठ्याण्णव शर्ट दोनशे दहानं वीस हजार पाचशे ऐंशी. शंभर शर्ट एकशे ऐंशीनं अठरा हजार. दोन शर्ट वाढवलेत की बिल अडीच हजारांनी खाली येतं. यात उपकार कुणाचा कुणावर नाही, पाटी आहे ती. फक्त दोन शर्ट हवेत."

"मग दोन वाढवा," साहेब म्हणाले. "माझ्याकडे लावा."

"सायझ?"

"कुठलाही टाका."

"कुठलाही सायझ नसतो. अंगात कोण घालणार, त्याचा असतो. या अठ्ठावन्नांत तुमचा कुठला धरलाय?"

ते काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. "माझा नाही धरला," ते म्हणाले. "मी खेळणार नाही. कडेला उभा राहीन."

"का?"

"कुठल्या तोंडानं घालू?"

मी पेन खाली ठेवलं. मग तिच्याकडे वळले. "आणि तुमचा? चाळीस सायझ सांगितलेत, सगळे मुलांचे. तुमचा कुठंय?"

तिनं मान हलवली. "चाळीस मुलंच आहेत, काकू. माझ्या शर्टाच्या पैशांत एक मूल बसलं असतं."

दोघं सरांची लेकरं. सगळ्या गावाला शर्ट, आणि दोघांनी आपल्याला वगळलेलं. तिनं पैशांपायी, त्यानं लाजेपायी. शंभराला जे दोन कमी पडत होते ते हेच दोन.

मी हिशोब लिहिला. तिचे एक्केचाळीस, सात हजार तीनशे ऐंशी. साडेसात हजारांत बसले, वर एकशे वीस उरले. त्यांचे एकोणसाठ, दहा हजार सहाशे वीस. मिळून अठरा हजार. तिनं आकडे बोट ठेवून तपासले. स्वतःच्या शर्टाचे पैसे साहेबांच्या खिशातले नाहीत हे दिसल्यावर तिचे खांदे जरा सैल झाले.

"आता सायझ सांगा," मी म्हणाले.

"माझा एक्स्ट्रा लार्ज," साहेब म्हणाले. मग खाली बघतच, "तिचा स्मॉल. पांढरा."

मी एवढी वर्षं माणसांना नुसतं बघून सायझ ओळखते. माझ्यासमोर उभी असलेली बाई स्मॉलमध्ये मावणारी नव्हती. पण मी लिहिलंही नाही आणि सुधारलंही नाही. वाट बघितली.

"स्मॉल नाही रे दादा," ती म्हणाली. "लार्ज लागतो आता मला."

त्यांनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"बाबांना उचलून उचलून खांदे भरले," ती म्हणाली. "अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून परत. दिवसातून किती वेळा."

साहेब तिच्या खांद्यांकडे बघत राहिले. आतून ह्यांनी हाक दिली, नमुना तयार आहे म्हणून. आम्ही कुणी हललो नाही.

"जड होते का गं?" त्यांनी विचारलं.

"आधी होते," ती म्हणाली. "शेवटी नाही."

मी लार्ज लिहिला, आणि दोघांची सही घ्यायला कागद मध्ये सरकवला.